पुडा दुसऱ्याच पानावर सापडू दे

*ताई, एक लघुकथा लिहिली आहे, सोबत पाठवतोय. नागपूरचा मुलगा म्युनिकला जॉबला असतो, आजी जाते, याला सुट्टी मिळत नाही, मग तो आजीचा चहाचा ब्रँड शोधत दुकानोदुकानी फिरतो. शेवटी पुडा सापडतो, तो चहा करतो आणि पहिल्या घोटाला रडतो. २ दिवाळी अंकांकडून परत आली. मित्र म्हणतात गोड आहे पण काही घडतच नाही. मी स्वतः कधी परदेशात गेलेलो नाही, सगळं इमॅजिन करून लिहिलंय. नेमकं काय बदलू?*
*एक लिहिणारा, नंदनवन, नागपूर*

अरे, ताई म्हणालास म्हणजे आता मी तुला अरे-तुरेच करणार, राग मानू नको.

कथा दोनदा वाचली, एकदा सकाळी चहासोबत आणि एकदा दुपारी नुसतीच, आणि दुपारी कळलं भानगड काय होऊन राहिली ते. तुझा पोरगा ११ दुकानं फिरतो (मी मोजली), आणि अकराही ठिकाणी तो पुडा मागतो, दुकानदार मान हलवतो, याला आजीचा पदर आठवतो. म्हणजे दुकान एकच आहे, तू ते अकरा वेळा लिहिलंय.

त्यात म्युनिकमध्ये राहणारा कोणी मराठी माणूस हे वाचेल तर तिसऱ्या दुकानाशीच हसेल. मी २ वर्षांपूर्वी भाचीकडे ३ महिने होते तिथं. मेन स्टेशनच्या दक्षिणेला बाहेर पडलं की गोएथे स्ट्रीट आणि लांडवेर स्ट्रीट असे दोन रस्ते आहेत, तुर्की, अफगाणी, अरबी, भारतीय सगळी दुकानं तिथं एकाला एक लागून, आपल्या इतवारीच्या बाजारासारखी गर्दी नाही पण प्रकार तोच. तुझ्या हिरोला वाघ बकरीचा पुडा पाहिजे ना, तो त्याला त्या भागात पहिल्या नाही तर दुसऱ्या दुकानात मिळेल. अकरा दुकानं फिरायला लावायचं तर त्याला एखाद्या खेड्यात नोकरी दे, नाहीतर माझं ऐक आणि पुडा दुसऱ्या पानावरच सापडू दे. कारण खरी गोष्ट पुडा सापडल्यावर सुरू होते, आणि तू तिथंच थांबून रडवून मोकळा झालास.

अडचणच पाहिजे तर तिथली खरी अडचण घे. तिथं रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, आणि म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियात एरवीही रात्री ८ ला शटर खाली. तुझ्या कथेत तो "रविवारी सकाळी निवांत" दुकानं धुंडाळायला निघतो, ते होऊच शकत नाही, स्टेशनातली दोन-चार दुकानं सोडली तर. आता हेच उलटं करून बघ. आजी शुक्रवारी गेली. शनिवारी ऑनलाइन अंत्यदर्शन, ती व्हिडिओ कॉलची स्क्रीन, कोणीतरी मोबाईल धरलेला आणि त्यात अर्धा वेळ छतच दिसतंय. ते दुपारीच संपतं, हा तसाच बसून राहतो, भानावर येतो तेव्हा संध्याकाळचे साडेसात. आता त्याला चहा पाहिजे, आणि तो आजीचाच पाहिजे, आणि अर्ध्या तासात सगळं बंद होणार ते थेट सोमवारपर्यंत. हा माणूस धावेल की नाही? तुला धावपळ फुकटात मिळाली, आठवणींचे पॅराग्राफ घालायचीही गरज नाही.

घाईत तो सगळ्यात आधी जे उघडं दिसेल त्यात शिरेल, म्हणजे तुर्की दुकानात. इथं एक गंमत आहे, ती सोडू नको. तुर्की भाषेतही चहाला चायच म्हणतात आणि साखरेला शेकेर. जर्मनीत २ वर्षं राहून ज्याला जर्मन नीट येत नाही तो पोरगा काउंटरवर नुसतं "चाय" म्हणतो आणि समोरच्या म्हाताऱ्याला कळतं, तो खुश होऊन किलोचं पाकीट पुढे करतो. त्याला नाही म्हणवत नाही. घरी येऊन तो ती पत्ती आपल्या पद्धतीनं पाण्यात उकळतो, दूध टाकतो, आणि गंजात काय दिसतं तर मातकट दूध. हे का होतं ते तुला माहीत पाहिजे. तुर्कीचा चहा त्यांच्या रिझे भागातला, तो एकावर एक ठेवलेल्या दोन किटल्यांत मंद वाफेवर दहा-पंधरा मिनिटं मुरवायचा आणि बिनदुधाचा, काचेच्या छोट्या ग्लासात प्यायचा. तसा केला तर फर्स्टक्लास लागतो, मी प्यायलेय. पण दूध घातलं की दुधाखाली दबून जातो.

आपली पत्ती दुधाला पुरून उरते कारण ती बनतेच वेगळी. तिला सीटीसी म्हणतात, १९३० च्या दशकात आसामच्या बागांमध्ये ही रीत सुरू झाली. दातेरी रोलरच्या जोड्यांमधून पान चिरडत, फाडत, वळवत नेतात आणि त्याची गोळी होते, म्हणून आपली पत्ती दाणेदार दिसते. चिरडलेल्या पानातून रंग आणि कडकपणा दोन-तीन मिनिटांत निघतो. हे सगळं कथेत सांगायचं नाही, प्लीज. पोरग्यानं ते पाकीट तळहातावर ओतून बघावं, लांबट काळे चुरगळलेले तुकडे, गोळी एक नाही, आणि आजीच्या बरणीतले दाणे फरशीवर सांडले की मोहरीसारखे घरंगळायचे एवढं आठवावं. बस.

सोमवारी तो भारतीय दुकानात जातो आणि पुडा मिळतो. इथं तू "त्याचे डोळे भरून आले" लिहिलंयस, ते काढ. त्याऐवजी पुड्याकडे बघायला लाव. तिकडं विकायचा माल म्हणजे त्यावर जर्मनमध्ये माहिती लागते, मग आयात करणारे एक पांढरं स्टिकर चिकटवून देतात, घटक, आयातदाराचा पत्ता, अमुक तारखेपर्यंत टिकेल, सगळं बारीक अक्षरात. आणि हे स्टिकर जागा दिसेल तिथं बसतं. तुझ्या पुड्यावर ते वाघाच्या तोंडावर बसू दे. एका कपातून चहा पिणारे वाघ आणि बकरी, त्यातली बकरी तेवढी दिसून राहिली. तो नखानं स्टिकर खरवडत ट्राममध्ये बसलाय आणि वाघ अर्धाच निघतो, हे मला तुझ्या भरलेल्या डोळ्यांपेक्षा जास्त लागलं असतं.

आता चहा मांड. आणि तो चुकू दे. पुडा बरोबर आहे, चहा बरोबर नाही, आणि का नाही हे त्याला कळत नाही, ही तुझी कथा.

चुकायला कारणं भरपूर आहेत, पण तू तीनच घे आणि एकेक करून उलगड.

पहिलं पाणी. म्युनिकचं नळाचं पाणी आल्प्सच्या पायथ्याकडून येतं, प्यायला गोड, पण चुना बक्कळ. भाचीकडे दर पंधरा दिवसांनी किटलीत व्हिनेगर घालून उकळायचो आम्ही, तळाशी पांढरी खरपुडी. अशा पाण्यात चहा केला की वर पातळ तपकिरी तवंग येतो. मी आधी त्याला सायच समजले होते. पण साय चमच्यानं ओढली की सुरकुतते आणि चमच्याला चिकटते, हा तवंग बर्फाच्या पापुद्र्यासारखा तडकतो आणि कपाच्या कडेला रिंगण सोडतो. चवही बसकी लागते, कडक असून मेल्यासारखी. भाचीनं फिल्टरचा जग आणला तेव्हा फरक पडला. तुझा पोरगा पहिल्या कपात हा तवंग बघतो आणि खुश होतो, "साय आली, आजीसारखी", आणि मग ती तडकते. बघ बाप्पा, एका चमच्यात सीन झाला.

दुसरं दूध. तुझी आजी कथेत गवळ्याकडून म्हशीचं दूध घेते, ते छान लिहिलंयस, गवळी सायकल टेकवतो ती जागा भिंतीवर काळी पडली आहे वगैरे. तर म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के. तिकडच्या सुपरमार्केटात दुधाच्या डब्यावर ३.५ लिहिलेलं असतं आणि ते म्हणजे त्यांचं भारी दूध, दीड टक्क्याचंही लोक आवडीनं पितात. तो दीड टक्क्याचं घेतो, कारण जिमवाला रूममेट तेच आणतो. उकळून उकळून काही दाट होत नाही. मग त्याला कोणीतरी सांगतं की थोडी क्रीम टाक.

हे कोण सांगतं ते तू वाया घालवू नको. म्हणजे मला सुचलं ते सांगते, घ्यायचं तर घे. जर्मनीच्या वायव्य टोकाला समुद्राकाठी ओस्टफ्रिझलंड म्हणून भाग आहे, तिथले लोक इतका चहा पितात की माणशी वर्षाला साधारण ३०० लिटर, जगात त्यांच्या वर कोणी नाही म्हणतात. आणि कोणता चहा? आसामच्या पत्तीवर बेतलेला, काळा कडक. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर गरम चहा, खडीसाखर तडतडते, मग कडेनं चमचाभर क्रीम सोडायची, ती ढगासारखी वर येते. आणि ढवळायचं नाही! आधी क्रीम, मग कडू चहा, शेवटी गोड, असं पित खाली जायचं, आणि पाहुण्यानं तीन कप तरी घ्यायचेच. आता याच्या ऑफिसात त्या भागातली एखादी पन्नाशीची बाई असू दे, जी याला कधी फार बोललेली नाही. आजी गेल्याचं कळल्यावर ती किचनमध्ये याच्यासाठी चहा करते, हा सवयीनं चमचा फिरवायला जातो आणि ती याचा हात धरते. न बोलता. आपल्याकडे घरात कोणी गेलं की शेजारचे चहा आणून देतात नं, घरात चूल पेटत नाही म्हणून, तेच झालं की, फक्त कुणाला माहीत नाही की तेच झालं. तू ते वाक्य लिहू नको मात्र, मी तुला सांगून राहिले म्हणून सांगतेय.

आणि हो, त्याच ओस्टफ्रिझलंडच्या चहाची पाकिटं साध्या सुपरमार्केटातही असतात. म्हणजे २ वर्षं हा पोरगा दर आठवड्याला दूध घ्यायला ज्या रांगेवरून जातो तिथंच आसाम बसलेलं होतं. पत्ती सीटीसीची गोळी नसते, बारीक तुकडे असतात, आजीचा चहा होणार नाहीच त्याचा, पण एकदा मागं वळून बघू दे त्याला.

तिसरं माप, आणि इथं मला तुझ्याशी भांडायचंय. तू लिहिलंयस "आजी दोन चमचे पत्ती टाकायची." कोणता चमचा? तुझी आजी काय सेट काढून मोजायची का? आमच्या आईच्या चहाच्या डब्यात मिल्क पावडरच्या डब्यातला प्लास्टिकचा चमचा होता, माझ्या धाकट्या भावाच्या वेळचा, दांडी अर्धी तुटलेली. तो भाऊ आता ५२ चा आहे. साधा सपाट चहाचा चमचा म्हणजे २ ग्रॅम पत्ती धर, एका कपाला पुरते. त्या पावडरवाल्या चमच्यात सहज दुप्पट मावायची, वरून आई तो शीग लावून भरायची. तर तुझा पोरगा लहानपणापासून बघत आलेलं "दोन चमचे" इमानदारीत टाकतो, फक्त चमचा जर्मन आहे, आणि चहा पाणचट होतो, आणि तो ब्रँडला दोष देतो, तिकडं वेगळा माल पाठवतात म्हणतो. त्याला आणखी एक पुडा आणायला लाव याच्यापायी. दोन पुडे, तुर्कीचं किलोचं पाकीट, सिंकमध्ये चार कप. हे झालं घडणं.

शेगडीचंही थोडं. तिथं काचेच्या इलेक्ट्रिक शेगड्या असतात, बटण बंद केलं तरी काच तापलेली राहते. आजी चहा वर आला की गॅस बारीक करायची, असं तीनदा, तूच लिहिलंयस. इथं बारीक करून काही होत नाही, चहा उतू जातो आणि काचेवर जळतो, खरडायला पातं घ्यावं लागतं. तो सांडशीनं गंज उचलून धरायला शिकतो, उचलला, ठेवला, उचलला. सांडशी मात्र त्याला तिकडं मिळणार नाही, ती आईनं बॅगेत कोंबलेली असू दे. आईनं पेढेही कोंबले असते, पण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, पत्ती नेता येते. मग पत्ती का नाही आणली त्यानं, हे वाचक विचारणारच, उत्तर कथेत ठेव. मला वाटतं त्यानं नको म्हटलं होतं, तिकडं सगळं मिळतं म्हणून. आजीनं पुडी बांधूनही ठेवली होती.

आता तुझ्या कथेतली एक ढोबळ चूक, जी एखाद्या संपादकानं पकडली असेल तर मला आश्चर्य नाही. तू लिहिलंयस की आजी १९६२ साली लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आली तेव्हा रुखवतात वाघ बकरीचा पुडा होता. अरे, या चहाचे मूळ पुरुष नारणदास देसाई दक्षिण आफ्रिकेत चहाच्या धंद्यात होते, तिथून परत येऊन त्यांनी १९१९ मध्ये अहमदाबादेत दुकान काढलं, वाघ आणि बकरीचं चित्र १९३४ चं, इथवर ठीक आहे. पण हे लोक पुड्यातला चहा विकायला लागले १९८० मध्ये, तोवर मुख्यतः सुटा चहा, आणि तोही गुजरातेत. १९६२ ला महालातल्या सुनेच्या रुखवतात तो पुडा कुठून येणार.

मग आजी काय प्यायची? सुटी पत्ती. इतवारीतल्या किराणा ओळीत दुकानात प्लायवूडच्या पेट्या असायच्या, आतून चंदेरी कागद लावलेल्या, दुकानदार एका पेटीतून मोठा दाणा काढायचा, दुसरीतून बारीक, आणि कागदावर हातानं मिसळायचा. मोठ्या दाण्याला स्वाद, बारकीला रंग आणि कडकपणा. जुन्या गिऱ्हाईकाचं मिश्रण त्याच्या डोक्यात असायचं, "वहिनींना बारीक जास्त." आमच्या घरी ही पत्ती डालड्याच्या डब्यात राहायची, आणि माझा तोच भाऊ पाचवीपर्यंत डालडा ही चहाची कंपनी समजत होता, शाळेत भांडून आला होता याच्यावरून.

तुला दिसून राहिलं का मी कुठं चालले ते? तुझ्या पोरग्याला आजीचा ब्रँड कुठून माहीत? बरणीवरून. लाल बरणी, तिच्यावर वाघ आणि बकरी. कधीतरी एकदा पुड्यासोबत फुकट आली असेल ती, आजीनं पुडा संपवला, बरणी धुतली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं किराणा ओळीतलीच सुटी पत्ती त्यात भरली. म्हणजे हा म्युनिकभर जो ब्रँड शोधतोय तो आजीचा कधी नव्हताच. एवढं एक बदललंस की तुझी अकरा दुकानं, अर्धा वाघ, बदललेलं पाणी, सगळ्याला पीळ बसतो. आणि पुड्याचीही काही चूक राहत नाही, तो बिचारा आपल्या जागी चांगलाच आहे.

हे त्याला कळावं कसं? कोणी बसवून सांगू नये. चौथा कप फसल्यावर तो मावशीला व्हिडिओ कॉल लावतो, तेरवीची तयारी चाललीय, मागं भांड्यांचा आवाज. तो म्हणतो, मावशी, बरणी दाखव नं, चमचा कसा आहे बघायचाय. ती कामात आहे, वैतागलेली, ओट्यावर मोबाईल टेकवते आणि बरणी उघडते. पत्ती संपत आली आहे. तळाशी तुटक्या दांडीचा चमचा. आणि ती सहज बोलून जाते, "थांब, आता तेरवीला माणसं येतील, हे पुरायचं नाही, कोणाला तरी इतवारीत पाठवते." तो विचारतो, इतवारीत कशाला, हा तर कुठंही मिळतो. मावशी म्हणते, "हा कोणता?"

तिथं थांब. त्याचा चेहरा नको, घोट नको, पाऊस तर अजिबातच नको, तुझ्या शेवटच्या पानावर पाऊस आहे आणि तो जानेवारी आहे, म्युनिकला जानेवारीत बर्फ पडायची शक्यता जास्त.

लांबी २,२०० शब्दांच्या आत आण, आता ३,४०० आहे. तुर्की दुकान, पुडा, ऑफिसातली बाई, मावशी, एवढे चार प्रसंग पुरेत. लिहिण्याआधी एक दिवस किराणा ओळीत जाऊन ये, अजून एक-दोन ठिकाणी सुटी पत्ती मिसळून देतात, शंभर ग्रॅम घे आणि तो कसा हात फिरवतो ते नीट बघ. आणि तो रुखवतातला पुडा आजच काढ.